एकोणऐंशी बरोबर उत्तरांची झडती

घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या, गुण गुणपटावर चढले, सरासरी निघाली, उत्तीर्णांची आणि अनुत्तीर्णांची संख्या मोजली गेली, म्हणजे विषय विभागाचा अहवाल लिहावयास शिक्षक मोकळा झाला असे सामान्यतः समजले जाते. आणि मग त्या अहवालात ‘दशांश अपूर्णांक या घटकात विद्यार्थ्यांचा पाया कच्चा आढळतो, अधिक सराव घ्यावा’ असा मोघम शेरा पडतो, जो गेल्या वर्षीच्या अहवालातही होता आणि पुढच्या वर्षीच्या अहवालातही बहुधा असेल. हा शेरा खोटा नसतो. परंतु त्याच्या आधारे दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन नेमके काय करावे हे कोणालाच ठरविता येत नाही. गुणांची बेरीज केली की कोणत्या प्रश्नात गुण गेला हे पुसले जाते, आणि प्रश्नावर केवळ बरोबर-चूक अशी खूण केली की मुलाने चुकीच्या जागी काय लिहिले हेही पुसले जाते. मुलाच्या मनातील समजुतीचा जो काही पुरावा त्या कागदावर उतरलेला असतो, तो या दोन पायऱ्यांत नाहीसा होतो. तो जपून कसा ठेवावा आणि त्याचे वाचन कसे करावे, हे एका उदाहरणाच्या आधारे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

उदाहरण इयत्ता सहावीच्या गणिताचे घेऊ. शाळेत दोन तुकड्या आहेत, दोन्ही मिळून १०० मुले आहेत, आणि दशांश अपूर्णांकांच्या घटकावर चाचणी झाली आहे, असे समजू. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मी बांधलेले आहेत. परंतु ज्या चुका त्यांतून उलगडणार आहेत त्या बांधलेल्या नाहीत. फ्रान्स, अमेरिका, इस्रायल, ऑस्ट्रेलिया अशा परस्परांपासून दूरच्या देशांतील संशोधकांनी त्या शाळकरी मुलांमध्ये नोंदविल्या आहेत, मेलबर्न विद्यापीठातील के स्टेसी आणि व्हिकी स्टाइनली यांनी तर त्यांचे सविस्तर वर्गीकरणच केले आहे, आणि आपल्याकडे गणित शिकविणाऱ्या कोणाही शिक्षकाला त्या पाहताक्षणी ओळखू येतील.

पहिले काम तक्ता भरण्याचे. प्रत्येक मुलाला एक आडवी ओळ आणि प्रत्येक प्रश्नाला एक उभा रकाना द्यावा, आणि रकान्यात बरोबर-चूक अशी खूण न करता मुलाने निवडलेल्या पर्यायाचे अक्षरच लिहावे. प्रश्न सोडून दिला असेल तर आडवी रेघ ओढावी. एकाने उत्तरपत्रिका वाचावी आणि दुसऱ्याने नोंद करावी, म्हणजे काम चुकत नाही. वही असो वा संगणकावरचा तक्ता असो, पुढील सारे विवेचन या एका शिस्तीवर उभे आहे. अक्षराऐवजी एकदा फुली पडली, की मागाहून कोणतेही गणित करून ते अक्षर परत मिळत नाही.

तक्ता भरला की प्रत्येक प्रश्नाला शंभरांपैकी किती मुलांनी बरोबर उत्तर दिले ते काढावयाचे. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत या संख्येला काठिण्य मूल्य म्हणतात. नवख्या शिक्षकाचा या नावापाशी हमखास गोंधळ होतो, कारण हे मूल्य जितके मोठे तितका प्रश्न सोपा असतो. म्हणून तिला सुगमता म्हणणे मला अधिक सयुक्तिक वाटते. कल्पिलेल्या या चाचणीतील दोन प्रश्न आपण समोर ठेवू. दोन्ही प्रश्नांत चार संख्या दिल्या आहेत आणि सर्वांत मोठी संख्या ओळखावयाची आहे.

तिसऱ्या प्रश्नातील पर्याय ०.३६, ०.४, ०.१२५ आणि ०.३०७ असे आहेत. बरोबर उत्तर ०.४ आहे, आणि ते ५८ मुलांनी दिले. सातव्या प्रश्नात ०.३, ०.३८, ०.४१ आणि ०.४२६ हे पर्याय आहेत. बरोबर उत्तर ०.४२६, आणि ते ७९ मुलांनी दिले. प्रचलित रीतीचा अहवाल येथे असे लिहील की लहान-मोठेपणा ओळखण्याचे कौशल्य समाधानकारक आहे, तिसरा प्रश्न काहीसा कठीण गेला, सातवा सोपा गेला. दोन्ही प्रश्नांची सरासरी अडुसष्टाच्या पुढे जाते, तेव्हा विभागप्रमुखांनाही त्यात खटकण्यासारखे काही दिसणार नाही.

आता चुकलेल्या मुलांनी काय निवडले ते पाहू. तिसऱ्या प्रश्नात ज्या ४२ मुलांची उत्तरे चुकली त्यांपैकी ३४ जणांनी ०.३०७ हा एकच पर्याय निवडला आहे, आणि उरलेल्या दोन पर्यायांना मिळून अवघी आठ मते पडली आहेत. मुले केवळ अंदाजाने खुणा करीत असती तर चुकीची उत्तरे तिन्ही पर्यायांवर साधारण सारखी विखुरली असती. जेथे चुका एकाच ठिकाणी गोळा होतात तेथे त्यांच्यामागे अज्ञानापेक्षा नियम असतो. मूल काही तरी निश्चित जाणते, आणि ते जे जाणते तेच चुकीचे असते. येथील नियम ओळखणे अवघड नाही. दशांश चिन्हाच्या उजवीकडील भाग ही एक स्वतंत्र पूर्ण संख्या आहे असे धरून मूल ४, ३६, १२५ आणि ३०७ यांची तुलना करते. ज्या संख्येत अधिक अंक, ती मोठी. पूर्ण संख्यांच्या बाबतीत हा नियम त्याला पहिलीपासून कधीही दगा देत आलेला नाही.

सातव्या प्रश्नात चुकलेल्या २१ मुलांपैकी १५ जणांनी ०.३ निवडले आहे. हे मत आधीच्या मताच्या नेमके उलट आहे. या मुलांच्या लेखी अंक जितके कमी तितकी संख्या मोठी. त्यांनी दशांश, शतांश, सहस्रांश हे शब्द लक्षपूर्वक ऐकलेले आहेत, दशांश हा शतांशापेक्षा मोठा असतो हे सत्यही त्यांच्या मनावर ठसलेले आहे, आणि त्यावरून दशांशांत लिहिलेली कोणतीही संख्या शतांशांत लिहिलेल्या कोणत्याही संख्येहून मोठीच असणार असा चुकीचा निष्कर्ष त्यांनी काढला आहे. वर्गातील कच्ची मुले म्हणून त्यांची बोळवण करणे अन्यायाचे होईल. पहिल्या गटापेक्षा ती एक पाऊल पुढे आलेली आहेत, आणि अडखळली आहेत ती त्या पुढच्या पावलावर.

येथवरचा विचार प्रत्येक प्रश्न स्वतंत्र घेऊन झाला. या शोधाचा खरा गाभा मात्र दोन प्रश्न एकत्र पाहिल्यावर हाती लागतो, आणि तो चुकलेल्या उत्तरांपेक्षा बरोबर उत्तरांविषयी आहे. अंक अधिक ती संख्या मोठी, असे मानणारे मूल सातव्या प्रश्नात कोणता पर्याय निवडील? चारही पर्यायांत सर्वाधिक अंक ०.४२६ मध्ये आहेत, आणि तेच उत्तर बरोबर आहे. उलट, अंक कमी ती संख्या मोठी, असे मानणारे मूल तिसऱ्या प्रश्नात ०.४ निवडील, आणि तेही बरोबरच ठरेल. प्रत्येक प्रश्न एका गैरसमजाला पकडतो आणि दुसऱ्याला पूर्ण गुण देऊन सोडून देतो.

म्हणून तक्त्यातील तिसरा आणि सातवा रकाना शेजारी ठेवून मुलांचे गट पाडावयाचे. तिसऱ्या प्रश्नात ०.३०७ निवडणाऱ्या ३४ मुलांपैकी ३१ मुलांचे सातव्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आहे. सातव्यात ०.३ निवडणाऱ्या १५ पैकी १३ जणांचे तिसऱ्याचे उत्तर बरोबर आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्यांची बरोबर आहेत अशी मुले केवळ ४३ निघतात. सोप्या ठरलेल्या सातव्या प्रश्नाची ७९ बरोबर उत्तरे तपासली असता, त्यांतील ३१ उत्तरे चुकीच्या नियमाने दिलेली आहेत असे मानण्यास सबळ आधार मिळतो. अहवालात जो प्रश्न यशाच्या बाजूला जमा झाला होता, तोच सर्वांत अधिक काही झाकून ठेवणारा निघाला.

येथे एक शंका रास्त आहे. हे दोन प्रश्न दैवयोगाने परस्परांना पूरक होते म्हणून उलगडा झाला. तसे नसते तर सातव्या प्रश्नाविषयी संशय तरी का यावा? याचे एक उत्तर भेदनक्षमतेच्या मोजणीत आहे. संपूर्ण चाचणीतील एकूण गुणांनुसार मुलांच्या उत्तरपत्रिका उतरत्या क्रमाने लावाव्यात, वरच्या शेकडा २७ आणि खालच्या शेकडा २७ उत्तरपत्रिका वेगळ्या काढाव्यात, आणि एखाद्या प्रश्नाचे बरोबर उत्तर वरच्या गटात किती जणांनी दिले आणि खालच्या गटात किती जणांनी दिले यांतील अंतराला गटातील मुलांच्या संख्येने भागावे. २७ हाच आकडा का, याचे गणिती समर्थन अमेरिकेतील ट्रुमन केली यांनी १९३९ साली दिले: गट फार लहान घेतले तर भरवसा ठेवण्याइतकी मुले उरत नाहीत, फार मोठे घेतले तर दोन्ही गट एकमेकांसारखे होऊ लागतात, आणि गुणांची विभागणी प्रसामान्य असेल तर या दोन अडचणींमधील उत्तम तडजोड सुमारे २७ टक्क्यांवर साधते. आपल्या शंभर मुलांत प्रत्येक गट २७ जणांचा होईल.

तिसऱ्या प्रश्नात वरच्या गटातील २४ आणि खालच्या गटातील ८ मुलांची उत्तरे बरोबर आहेत, असे धरू. अंतर १६, त्यास २७ ने भागले असता ०.५९ येते. सातव्या प्रश्नात वरच्या गटातील २४ आणि खालच्या गटातील २१ जणांची उत्तरे बरोबर आहेत. अंतर ३, आणि भागाकार ०.११. रॉबर्ट ईबेल यांच्या ग्रंथातून रूढ झालेला ठोकताळा असा की ०.४ अथवा त्याहून अधिक मूल्य आले तर प्रश्न उत्तम भेद करतो, आणि ०.२ च्या खाली आले तर त्या प्रश्नाचा फेरविचार करावा. सातवा प्रश्न या कसोटीवर उतरत नाही, आणि त्याचे कारण आता आपल्याला ठाऊक आहे: खालच्या गटातील पुष्कळ मुलांना त्यांचा चुकीचा नियमच येथे बरोबर उत्तरापर्यंत घेऊन गेला. ज्या प्रश्नाची सुगमता शंभराच्या जवळ आहे त्यात दोन गटांमध्ये अंतर उरतच नाही, तेव्हा तेथे अल्प भेदनक्षमतेचा बाऊ करू नये. परंतु सुगमता ऐंशीच्या आसपास असून खालचा गट वरच्या गटाच्या बरोबरीने चालत असेल, तर तेथे थांबून पर्याय वाचावेत.

हेच अंतर कधी ऋण येते, म्हणजे खालच्या गटाची उत्तरे वरच्या गटापेक्षा अधिक बरोबर निघतात. अशा वेळी मुलांना दोष देण्यापूर्वी उत्तरसूची उघडावी. वरच्या गटातील बहुसंख्य मुले एकाच ‘चुकीच्या’ पर्यायावर एकवटलेली दिसली, तर सूचीतच चुकीचे अक्षर छापले गेले आहे किंवा प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात, असेच बहुधा आढळते. आणि मग गुण बदलून देणे हे विभागाचे पहिले कर्तव्य ठरते.

आपला निष्कर्ष दोन प्रश्नांवर उभा आहे, आणि चार पर्यायांच्या प्रश्नात केवळ अंदाजाने खूण करणाऱ्या मुलाचे उत्तरही सरासरीने चारांत एकदा बरोबर येते. म्हणून खातरजमा हवी. ती करण्याचा एक मार्ग त्याच उत्तरपत्रिकेत सापडतो. चाचणीचा नववा प्रश्न २.८ + ०.५ असा आहे असे समजा. बरोबर उत्तर ३.३, पर्यायांत २.१३ हेही ठेवलेले आहे. हे उत्तर कसे येते ते उघड आहे: आठ आणि पाच तेरा, ते चिन्हाच्या उजवीकडे जसेच्या तसे लिहावयाचे. ज्या मुलाच्या मते दशांश चिन्ह हे दोन पूर्ण संख्यांमध्ये घातलेले नुसते कुंपण आहे, त्याच्याकडून हे उत्तर अपेक्षितच आहे. २.१३ लिहिणारी मुले मोठ्या प्रमाणावर त्या ३१ मुलांपैकीच निघाली, तर तुलनेतील चूक आणि बेरजेतील चूक या दोन स्वतंत्र दुर्बलता नसून एकाच समजुतीची दोन रूपे आहेत हे ध्यानात येते. अहवालात त्या दोन निरनिराळ्या रकान्यांत दोन निरनिराळ्या उपायांसह नोंदवल्या गेल्या, तर मूळ कारण तसेच राहील.

दुसरा मार्ग मुलाशी बोलण्याचा. प्रत्येक गटातील चार-पाच मुलांना मधल्या सुटीत एकेकटे बोलवावे आणि उत्तर चूक आहे की बरोबर हे न सांगता, ‘हे तू कसे ठरवलेस?’ एवढेच विचारावे. ‘सर, तीनशे सात छत्तीसपेक्षा मोठे ना?’ असे पहिल्या गटातील मूल निःशंकपणे सांगते. दुसऱ्या गटातील मूल म्हणते, ‘सर, याचे हजार भाग केलेत, म्हणजे भाग लहान झाले. याचे दहाच केलेत.’ हे दुसरे उत्तर ऐकताना शिक्षकाने आपला चेहरा सांभाळणे अगत्याचे आहे, कारण त्यातील पहिला अर्धा भाग पूर्णतः खरा आहे. मूल फक्त असे किती भाग घेतले आहेत हे मोजावयाचे विसरले आहे.

या समजुती येतात कोठून, याचाही शोध अहवालाच्या कक्षेत येतो. मुलाच्या नित्य व्यवहारात टिंब अनेक ठिकाणी खरोखरच कुंपणासारखे वागते. साडेतीन रुपये ३.५० असे लिहितात आणि तीन रुपये पन्नास पैसे असे वाचतात. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळी नाणी. क्रिकेटच्या धावफलकावर ४.५ षटके म्हणजे चार षटके आणि पाच चेंडू, आणि त्यापुढचा चेंडू पडला की ५ षटके होतात. तेथे टिंबाच्या उजवीकडे सहाचा आधार आहे, दहाचा नव्हेच. शिवाय ०.३६ चे वाचन ‘शून्य पॉइंट छत्तीस’ असे होते तेव्हा कानावर छत्तीस हा पूर्ण संख्येचा शब्द पडतो. ‘शून्य पॉइंट तीन सहा’ असे वाचण्याचा आग्रह कोणाला कर्मठपणा वाटेल, परंतु दोन्ही तुकड्यांपैकी एकीत अशी शिस्त असेल आणि दुसरीत नसेल, तर ३१ मुलांपैकी किती कोणत्या तुकडीतील आहेत हे मोजून पाहण्यासारखे आहे. मागील पिढ्यांतील मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. त्या मुलांना दशांश चिन्ह अपरिचित असेल, पण पाऊण हे अर्ध्याहून मोठे आणि एकाहून लहान असे एक प्रमाण आहे याचा बोध त्यांना होता. ०.७५ आणि पाऊण यांची गाठ घालून देणे आजही शिक्षकाच्या हाती आहे.

पैशांचा उल्लेख झाला, तेव्हा आपल्या ४३ मुलांविषयीही एक सावधगिरीची नोंद करावी लागते. जे मूल प्रत्येक दशांश अपूर्णांक रुपये-पैसे समजून वाचते आणि दोन स्थळांपुढील अंकांकडे पाहतच नाही, त्याला ०.४ म्हणजे चाळीस पैसे, ०.३०७ म्हणजे तीस पैसे, ०.४२६ म्हणजे बेचाळीस पैसे. तिसरा आणि सातवा हे दोन्ही प्रश्न ते बिनचूक सोडविते. ०.४५ आणि ०.४५७ यांत मोठी कोणती असे विचारल्यावरच ते अडते आणि दोन्ही सारख्याच आहेत म्हणते. असा प्रश्न आपल्या चाचणीत नव्हता. तेव्हा ‘४३ मुलांना संकल्पना समजली’ असे अहवालात लिहिता येणार नाही. ‘४३ मुलांत हे दोन गैरसमज आढळले नाहीत’ एवढेच लिहिता येईल, आणि पुढील चाचणीच्या संविधान तक्त्यात तसा प्रश्न घालण्याची तजवीज करावी लागेल.

प्रत्येक कठीण प्रश्नामागे गैरसमजच असतो असे मात्र नाही. याच चाचणीचा शेवटचा प्रश्न शाब्दिक उदाहरणाचा असून त्याचे बरोबर उत्तर केवळ ३५ मुलांनी दिले असे समजू. आकड्यावरून तो सर्वांत कठीण ठरतो. परंतु तक्त्यात त्याच्या रकान्यात आडव्या रेघाच पुष्कळ असतील, आणि त्या रेघा आठव्या-नवव्या प्रश्नापासून सलग सुरू होत असतील, तर ती मुले तेथवर पोहोचलीच नाहीत. तो दोष वेळेच्या हिशेबाचा, संकल्पनेचा नव्हे. आधीचे सारे प्रश्न सोडवून मुलांनी नेमका तोच सोडून दिला असेल, तर वाक्यरचना पाहावी: दोरीचे तुकडे, उरलेली लांबी आणि प्रति मीटर किंमत या तिन्ही गोष्टी एकाच लांब वाक्यात कोंबल्या असतील, तर दशांश अपूर्णांक जाणणारे मूलही दारातूनच परत फिरते. तेच उदाहरण तोंडी, तोडून तोडून सांगितल्यावर मुलांना सुटले, तर दुरुस्ती प्रश्नाची करावयाची.

लहान वर्गात आकड्यांचा भार बेताने वाहावा हेही सांगितले पाहिजे. चाळीस मुलांच्या तुकडीत एक मूल म्हणजे अडीच टक्के. शेकडा २७ चा गट तेथे अकरा जणांचा होतो, आणि त्यातील एका मुलाने उत्तर बदलले की भेदनक्षमता ०.०९ ने हलते. एका तुकडीची सुगमता ६० आणि दुसरीची ६५, यावरून दोन शिक्षकांच्या अध्यापनाची तुलना करणे म्हणजे दोन मुलांच्या हाताच्या खुणेवर निवाडा देणे होय. अशा वर्गात भागाकारापेक्षा ‘चाळीसपैकी चौदा जणांनी ०.३०७ निवडले’ हे साधे विधान अधिक प्रामाणिक आणि अधिक उपयोगी असते.

आता या सर्वांतून विभागाच्या अहवालात प्रत्यक्ष काय उतरावे? सर्व प्रश्नांचे तक्ते जोडून अहवाल जाड करण्यात अर्थ नाही. ते दप्तरी ठेवावेत. अहवालात तीन-चार प्रश्नांचाच तपशील यावा, आणि प्रत्येकाच्या बाबतीत प्रश्न शब्दशः, बरोबर उत्तरांची संख्या, सर्वाधिक निवडला गेलेला चुकीचा पर्याय आणि त्याची संख्या, त्या पर्यायामागील नियम मुलाच्या भाषेत, आणि कोणत्या हजेरी क्रमांकांच्या मुलांत तो आढळला हे असावे. नावे लिहू नयेत, कारण अहवाल बैठकीत मोठ्याने वाचला जातो. आपल्या उदाहरणातील मजकूर काहीसा असा होईल: ‘तिसरा व सातवा प्रश्न एकत्र तपासले असता ३१ मुले दशांश चिन्हापुढील भाग पूर्ण संख्या समजून तुलना करतात, व १३ मुले कमी स्थळांची संख्या मोठी मानतात, असे दिसते. प्रत्येक गटातील पाच मुलांशी बोलून खात्री केली आहे. सातव्या प्रश्नाची सुगमता ७९ असली तरी ती संकल्पना समजल्याचा पुरावा मानू नये.’ या तीन वाक्यांत मोघम काही नाही, आणि पुढील महिन्यात ती पडताळून पाहता येतात.

दोन गटांची नोंद वेगवेगळी का हवी, हे उपचारात्मक अध्यापनाच्या वेळी कळते. पहिल्या गटाला शिक्षक हमखास एक तोडगा सांगतात: दोन्ही संख्यांच्या उजवीकडे शून्ये देऊन स्थळे सारखी करा आणि मग तुलना करा. ०.४ चे ०.४०० झाले, ०.३०७ शेजारी उभे राहिले, चारशे तीनशे सातपेक्षा मोठे, उत्तर बरोबर. हा तोडगा गणितदृष्ट्या निर्दोष आहे, आणि तरीही मला तो पहिल्या दिवशी सांगू नये असे वाटते. कारण उजवीकडील भाग पूर्ण संख्या आहे ही मुलाची मूळ समजूत त्याने जराही हलत नाही, उलट तीच समजूत आता बरोबर उत्तर देऊ लागते, आणि पुढील चाचणीतून तिचा मागमूसही लागेनासा होतो. त्यापेक्षा एक मीटर लांबीची कागदी पट्टी घ्यावी, तिचे दहा समान भाग करून चार भाग रंगवावेत, दुसऱ्या पट्टीवर तीन दशांश आणि पुढे सात सहस्रांश, म्हणजे तीस सेंटिमीटर आणि सात मिलिमीटर, मुलानेच मोजून रंगवावेत, आणि दोन्ही पट्ट्या एकाखाली एक धराव्यात. दुसऱ्या गटाला पट्टीच लागते, पण प्रश्न वेगळा लागतो: दहांपैकी तीन भाग आणि हजारांपैकी चारशे सव्वीस भाग यांत अधिक लांबी कोणाची? भाग लहान आहेत हे त्यांना आधीच ठाऊक आहे. ते किती आहेत याकडे त्यांची दृष्टी वळवावयाची आहे. दोन्ही गटांना एकत्र बसवून एकच पाठ दिला, तर एका गटाचे औषध दुसऱ्याच्या दुखण्याला वाढवील, कारण ‘सहस्रांश फार लहान असतात’ हे वाक्य पहिल्यांसाठी उपकारक आणि दुसऱ्यांसाठी अपायकारक आहे.

फेरतपासणी तीन आठवड्यांनी घ्यावी, लगेच नको. आणि तीत तेच आकडे नकोत. ०.७, ०.५२, ०.६१८, ०.०९५ हे एका प्रश्नाला, ०.२, ०.२९, ०.४७, ०.५३१ हे दुसऱ्याला, आणि पैशांच्या समजुतीसाठी ०.४५ व ०.४५७ ही जोडी, असे तीन प्रश्न पुरेत. आपल्या उदाहरणात त्या ३१ मुलांपैकी १८ मुलांची तिन्ही उत्तरे आता बरोबर येतात, सात जण जुन्याच नियमाला धरून आहेत, आणि उरलेले सहा जण पहिला प्रश्न बरोबर सोडवून दुसऱ्यात ०.२ निवडतात, असे समजू. गुणपटावर या सहा मुलांची प्रगती शून्य दिसेल: पूर्वीही या दोन प्रकारच्या प्रश्नांपैकी एक बरोबर होता, आजही एकच आहे. तक्त्यातील अक्षरे मात्र सांगतात की ती एका चुकीच्या नियमातून निघून दुसऱ्या चुकीच्या नियमात आली आहेत, अंकांची संख्या मोजणे सोडून भागांचा आकार पाहू लागली आहेत. त्यांचे हजेरी क्रमांक ३१ च्या यादीतून काढून १३ जणांच्या गटात, आता तेथे जितकी मुले उरली असतील त्यांच्याखाली, लिहावयाचे आणि पुढच्या तासाला त्यांना त्या पट्टीसमोर बसवावयाचे.